शंभर मेलांचा गलका आणि एक न दिसलेला निरोप

आमच्या कार्यालयात मेलखात्यांची देखभाल माझ्याकडे आहे. "मला मेल आलाच नाही" ही तक्रार माझ्या ओळखीची आहे. ती ऐकली की मी वाद घालत नाही, फक्त शोधायला बसतो, कारण बहुतेक वेळा मेल आलेला असतो आणि माणूसही खोटं बोलत नसतो. हे प्रकरण त्यातलंच. फरक इतकाच, की इथे मेल अडवणारा दुसरा कोणी नव्हता. ज्यांनी तक्रार केली त्यांनीच बारा दिवसांपूर्वी एक बटण दाबलं होतं आणि त्याचा अर्थ त्यांना वेगळा वाटला होता.

तक्रार लेखा विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची होती. आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणतो. सोमवारी सकाळी त्या माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा आमच्या स्थलांतराची पहिली फेरी होऊन गेली होती आणि त्यांच्या विभागाची चार कपाटं जुन्याच मजल्यावर राहिली होती. प्रशासनातले समन्वयक म्हणत होते, "ताई, यादी द्या म्हणून मी आठवडाभर आधी मेल केला होता." ताई म्हणत होत्या, "दादा, असा मेल मला आलेला नाही. बघा हवं तर माझा फोन."

मी फोन बघितला. इनबॉक्समध्ये खरंच तसा मेल नव्हता. पण त्याच विषयाचे, त्याच साखळीतले वाटावेत असे दुसरे मेल होते आणि ते शुक्रवारपासूनचे होते. एकात कुणाला तरी खिडकीजवळची जागा हवी होती, दुसऱ्यात खुर्चीच्या चाकांचं काहीतरी होतं. ताईंचं म्हणणं बिनतोड होतं: "खुर्च्यांचे मेल येतात, मग कपाटाचाच कसा नाही येत? म्हणजे त्यांनी मला पाठवलाच नाही."

खरी मेख या प्रश्नात होती. तो सुटला नसता, तर मीही समन्वयकांच्या पत्त्याच्या यादीत चूक शोधत बसलो असतो.

घडलं ते असं

आमची खाती जीमेलवर आहेत. समन्वयकांनी एका सोमवारी सगळ्यांच्या गटाच्या पत्त्यावर मेल टाकला. विषय होता "कार्यालय स्थलांतर : टेबलांची मांडणी". गटात 63 माणसं. अशा मेलचं काय होतं ते सांगायला नको. प्रत्येकाने सर्वांना उत्तर दिलं. कुणाला कुणाच्या शेजारी बसायचं नव्हतं, कुणाला प्रिंटर जवळ हवा होता, आणि नुसतं "धन्यवाद" लिहिणारे तर निम्मे. बुधवारी दुपारपर्यंत साखळीत 38 मेल झाले होते. ताईंच्या महिनाअखेरीच्या कामाचे ते दिवस. दर पाच मिनिटांनी फोन वाजत होता. त्यांनी साखळी उघडली, वरचे तीन ठिपके दाबले आणि आलेल्या यादीतलं `Mute` निवडलं. गलका थांबला.

पुढच्या सोमवारी समन्वयकांनी त्याच साखळीत, सर्वांनाच, 71वा मेल लिहिला. वरच्या चार ओळी अंतिम नकाशाबद्दल होत्या. पाचवी ओळ अशी: "लेखा विभाग – ताई, तुमच्या कपाटांची यादी गुरुवार संध्याकाळपर्यंत द्या. यादीत नसलेली कपाटं पहिल्या फेरीत जाणार नाहीत."

गुरुवार गेला. शुक्रवारी सकाळी खुर्चीच्या चाकांचा मेल ताईंच्या इनबॉक्समध्ये दिसला, शनिवारी सामान हललं, आणि सोमवारी त्या माझ्यापुढे उभ्या होत्या.

मी काय काय तपासलं

पहिली पायरी माझ्या हातात असते, तक्रारदाराच्या नाही. प्रशासकाच्या पानावर `Email log search` नावाची सोय आहे. तिथे पाठवणारा, घेणारा आणि तारीख घातली, की मेल खात्यात पोचला का ते कळतं. 71वा मेल ताईंच्या खात्यात पोचला होता. म्हणजे पत्ता बरोबर, गट बरोबर, समन्वयकही बरोबर. आता प्रश्न उरला तो खात्याच्या आत मेल कुठे गेला एवढाच.

मग ताईंनाच संगणकावर बसवलं. स्पॅम बघितलं, काही नाही. कचराकुंडी बघितली, काही नाही. सेटिंग्जमध्ये फिल्टरची यादी बघितली, तर एकच फिल्टर होता आणि त्याचा या विषयाशी संबंध नव्हता. तेव्हा मी म्हटलं, "ताई, आता शोधपट्टीत नुसतं 'स्थलांतर' लिहा."

हे आधीच का नाही केलं, असं कुणी विचारेल. ताईंनी केलं नव्हतं, कारण जो मेल आहे हेच ठाऊक नाही तो कुणी शोधत नाही. फोनवर इनबॉक्स वरखाली सरकवणं म्हणजे शोधणं, असा आपला सगळ्यांचाच समज असतो. पण जीमेलची शोधपट्टी फक्त इनबॉक्समध्ये शोधत नाही. स्पॅम आणि कचराकुंडी सोडून खात्यात जे जे आहे त्या सगळ्यात ती शोधते.

निकालात एकाच विषयाच्या दोन ओळी आल्या. वरच्या ओळीत नावांपुढे 9 हा आकडा होता आणि विषयाआधी `Inbox` ही छोटी पाटी. खालच्या ओळीत आकडा होता 100. तिथे `Inbox` नव्हतं. त्या जागी राखाडी रंगात `Muted` लिहिलेलं होतं.

ताईंनी चष्मा वर केला. "हे मी केलं होतं," म्हणाल्या. "पण मी फक्त आवाज बंद केला होता!"

आवाज बंद, की दारातूनच माघारी

ताईंचा हा समज निव्वळ भाबडेपणा नाही. गप्पांच्या अ‍ॅपमध्ये एखादा गट म्यूट केला, की फोन वाजत नाही, पण गट यादीत दिसत राहतो. नवा निरोप आला की वर सरकतो, न वाचलेल्यांचा आकडा दाखवतो. दिवसातून एकदा उघडून बघितलं की झालं. तोच शब्द, तीच सवय त्यांनी मेलवर आणली. मेलमध्ये मात्र त्या शब्दाचं काम वेगळं आहे.

ते समजायला इनबॉक्स म्हणजे काय हे आधी बघावं लागतं. जीमेलमध्ये इनबॉक्स हा कप्पा नाही, ती एक पाटी आहे. सगळे मेल एकाच मोठ्या खोलीत असतात, तिचं नाव `All Mail`. ज्याला `Inbox` ही पाटी चिकटलेली आहे तो मेल समोरच्या यादीत दिसतो. आपण एखादी साखळी आर्काइव्ह करतो तेव्हा फक्त ही पाटी निघते, मेल आहे तिथेच राहतो. आणि त्या साखळीत कुणी उत्तर दिलं, की पाटी परत चिकटते, सगळी साखळी इनबॉक्समध्ये पुन्हा वर येते.

म्यूट म्हणजे असं आर्काइव्ह, ज्यात पाटी परत चिकटत नाही. साखळी त्या क्षणी इनबॉक्समधून जाते आणि पुढची उत्तरं खात्यात येतात, न वाचलेली म्हणून पडून राहतात, पण समोर येत नाहीत. समोर येत नाहीत म्हणून फोनही वाजत नाही आणि इनबॉक्सशेजारचा न वाचलेल्यांचा आकडाही वाढत नाही. ताईंच्या बाबतीत तिथेच घात झाला. काही साठत असल्याची एकही खूण त्यांच्या नजरेच्या टप्प्यात नव्हती.

आणि हे खात्यावर होतं, फोनवर नाही. त्यांनी फोनवरून म्यूट केलं, तरी संगणकावरही तेच लागू झालं. पाठवणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. मेल परत येत नाही, सूचना जात नाही. समन्वयकांच्या दृष्टीने निरोप पोचला होता, आणि तांत्रिकदृष्ट्या तो पोचलाच होता.

मग खुर्चीचे मेल कसे आले?

ही गोष्ट मला स्वतःलाही क्षणभर चक्रावून गेली, म्हणून जरा थांबून सांगतो. म्यूट विषयाला लागत नाही, माणसाला लागत नाही, गटालाही लागत नाही. ते एका साखळीला लागतं. आणि साखळी कुठे संपते हे जीमेल ठरवतं. दोन प्रसंगी ते साखळी तोडून नवी सुरू करतं: कुणी विषयाची ओळ बदलली तर, किंवा साखळीत शंभराच्या वर मेल गेले तर.

आमचा गट बडबडा. गुरुवारी रात्री साखळी शंभरावर पोचली. शुक्रवारी सकाळी आलेला पुढचा मेल, म्हणजे खुर्चीच्या चाकांचा, नव्या साखळीचा पहिला मेल झाला. विषय तोच, माणसं तीच, पण जीमेलच्या हिशेबाने हे वेगळं संभाषण. त्याला कुणी म्यूट केलेलं नव्हतं, म्हणून ते सरळ इनबॉक्समध्ये उतरलं.

म्हणजे उलटाच न्याय झाला. कामाचा 71वा मेल आड राहिला आणि बिनकामाचा 101वा समोर आला. ताईंनी त्यातून काढलेला निष्कर्ष, की मेल येताहेत म्हणजे अडवणारं काही नाही, अगदी साहजिक होता आणि तरी चुकीचा होता. तेव्हापासून माझ्यापुरती मी एक खूणगाठ बांधली आहे. एकाच विषयाचे जुने मेल सापडत नाहीत पण नवे येतात, असं कुणी म्हणालं की मी आधी साखळीतला आकडा बघतो. तो नेमका 100 असेल तर निम्मं कोडं तिथेच सुटतं.

म्यूट काढताना

आता उलट वाट. इथे घाई केली की दुसरी चूक होते, आणि ताई ती करणारच होत्या. त्यांनी खालच्या ओळीवर क्लिक करायला माऊस नेला. मी म्हटलं, "थांबा, अजून उघडू नका."

कारण असं. त्या साखळीत 39 व्या मेलपासून पुढचे 62 मेल न वाचलेले होते. साखळी उघडली, की ते सगळे एकदम वाचलेले म्हणून नोंदवले जातात. मग आपण कुठपर्यंत वाचलं होतं ती रेघ पुसली जाते. शिवाय अशी आणखी किती संभाषणं पडून आहेत, ते आधी बघायचं होतं. म्हणून शोधपट्टीत हे लिहिलं:

```
is:muted
```

म्यूट केलेल्या सगळ्या साखळ्या यातून येतात. ताईंकडे तीन निघाल्या. एक ही, एक कुठल्याशा प्रशिक्षणाच्या वेळापत्रकाची, आणि एक इतकी जुनी की ती कुणी सुरू केली होती तेही त्यांना आठवेना. त्यातल्या न वाचलेल्या तेवढ्या हव्या असतील तर:

```
is:muted is:unread
```

यात दोन उरल्या. मग ओळीच्या डावीकडच्या चौकोनात खूण केली, वरच्या पट्टीतले तीन ठिपके (`More`) दाबले आणि `Unmute` निवडलं. साखळी न उघडता हे होतं.

बहुतेक लोक इथे थांबतात आणि मग म्हणतात, काढलं तरी दिसत नाही. `Unmute` पुढच्या उत्तरांपुरतं असतं. यापुढे कुणी लिहिलं तर साखळी इनबॉक्समध्ये येईल, पण आज ती जिथे आहे तिथेच राहते. आता या क्षणी समोर हवी असेल तर वेगळं `Move to inbox` करावं लागतं. आम्ही ते केलं, `Muted` ही पाटी गेल्याची आणि `Inbox` आल्याची खात्री करून घेतली, आणि मगच साखळी उघडली.

फोनवरही क्रम हाच. शोधपट्टीत `is:muted` लिहायचं, साखळी उघडायची, वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून काम करायचं. मला हे संगणकावर करायला आवडतं, ते पुढच्या कामासाठी.

पुढचं काम म्हणजे 62 मेलांतून आपल्या नावाची ओळ शोधणं. ब्राउझरचं Ctrl+F दाबून "ताई" शोधलं तर काहीच सापडेना. याचंही कारण आहे. मिटलेल्या मेलांचा मजकूर त्या वेळी पानावर नसतोच, मग ब्राउझर शोधणार कशात? आधी साखळीच्या वर उजवीकडे, छपाईच्या चिन्हाशेजारी असलेलं सगळे मेल उलगडण्याचं चिन्ह दाबायचं (`Expand all`), आणि मग Ctrl+F. तसं केल्यावर "ताई" अकरा ठिकाणी सापडलं. नऊ ठिकाणी दुसऱ्या कुणी तरी त्यांच्या शेजारची जागा मागितली होती. दहावी समन्वयकांची ओळ. अकरावी त्यांचीच आठवण करून देणारी, बुधवारची, एका वाक्याची: "ताई, यादीची वाट बघतोय."

ती वाचून ताई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दादांना मी उगाच बोलले."

चुकून म्यूट झालं असेल, तर ताबडतोब उलटवणं सोपं आहे. खाली डाव्या कोपऱ्यात काही सेकंद एक काळी पट्टी येते, तिच्यावर `Undo` असतं. ज्यांनी सेटिंग्जमध्ये कळफलकाचे शॉर्टकट सुरू केलेत, त्यांना `z` दाबूनही मागे येता येतं. आणि खरं तर चुकून म्यूट होतं ते त्यांच्याच बाबतीत. शॉर्टकट सुरू असताना `m` हे एकच अक्षर म्यूट करतं. उत्तराची चौकट उघडली आहे असं समजून माणूस टाईप करायला लागतो, कर्सर चौकटीत नसतो, शब्दात कुठेतरी `m` येतो आणि समोरची साखळी गायब. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने या नादात संपूर्ण निविदेची साखळी म्यूट केली होती आणि दोन दिवस "मेल उडाला" म्हणून घाबरून होता. हे शॉर्टकट मुळात बंद असतात. ज्याला वापरायचे नाहीत त्याने ते सुरू करू नयेत, इतकंच माझं मत.

म्यूट नसतं केलं तर?

ताईंनी नंतर विचारलं, "मग मी करायचं तरी काय? फोन वाजू द्यायचा?" प्रश्न रास्त होता. दर मेलला आर्काइव्ह करून उपयोग नव्हता, कारण पुढच्या "धन्यवाद"ने साखळी परत वर आली असती. फिल्टर लावून विषय इनबॉक्सबाहेर काढता आला असता, पण मग शंभरानंतरची नवी साखळीही बाहेर गेली असती आणि नुकसान वाढलं असतं. गटाच्या पत्त्यालाच फिल्टर लावणं तर विचारायलाच नको. माझ्या मते त्या बुधवारी म्यूट हाच योग्य उपाय होता. राहून गेलं ते त्याच्या जोडीचं दुसरं काम: आड पडलेलं अधूनमधून बघणं.

म्हणून आम्ही एक शोध तयार केला आणि ब्राउझरच्या बुकमार्कपट्टीवर ठेवला:

```
is:muted is:unread newer_than:7d
```

म्यूट केलेल्यांपैकी ज्यात गेल्या सात दिवसांत न वाचलेलं काही आलं आहे तेवढ्याच साखळ्या यात येतात. ताई तो शुक्रवारी दुपारी दाबतात. हे लिहितानाही मला जाणवतं, की आमच्या प्रकरणात सोमवारचा मेल आणि गुरुवारची मुदत होती, म्हणजे शुक्रवारची फेरी उशिराची ठरली असती. जिथे तारखा धावताहेत तिथे हा शोध रोजचा हवा. आणि रोज बघावं लागणार असेल तर म्यूट न केलेलंच बरं. ज्या साखळीत आपल्याला काही करायचं नाही, फक्त ऐकायचं आहे, तिच्यापुरतं म्यूट ठीक. जिथे आपल्याकडून कुणी तरी काही मागणार आहे, तिथे ते धोक्याचं. टेबलांच्या मांडणीत ताईंना रस नव्हता हे खरं, पण मजला त्यांचाही बदलत होता.

दुसरी बाजू पाठवणाऱ्याची. समन्वयकांशी बोललो तेव्हा ते आधी थोडे घुश्शात होते. "माझं काय चुकलं? सर्वांना गेला की मेल." मी त्यांना इतकंच दाखवलं, की सत्तर मेल झाल्यावर पाचव्या ओळीत एकाच माणसाला काम सांगणं म्हणजे लग्नाच्या मांडवात कुजबुजणं. एखाद्याकडून काही हवं असेल तर विषय बदलायचा. उत्तर लिहिताना वर डावीकडे जो छोटा बाण असतो तो दाबला, की `Edit subject` येतं. विषय बदलला की साखळी तुटते, नवं संभाषण सुरू होतं, आणि जुन्या साखळीला कुणी म्यूट लावलेलं असलं तरी हा मेल त्याच्या इनबॉक्समध्ये जातो. शंभराच्या मर्यादेने चुकून जे केलं, तेच इथे जाणूनबुजून करायचं.

दादा हसले आणि म्हणाले, "म्हणजे मला सगळ्यांनीच म्यूट केलं असणार." मी त्यांना ते तपासून देऊ शकत नाही, आणि देताही कामा नये. कुणी काय म्यूट केलं ते ज्याचं त्याच्या खात्यात असतं.

इतर ठिकाणच्या बटणांबद्दल थोडक्यात, कारण आमच्या दुसऱ्या शाखेत आउटलुक आहे आणि तिथल्या लोकांनी ताईंची गोष्ट ऐकून "आमच्याकडेही असतं ते" असं म्हटलं. असतं, पण नाव `Ignore` आहे आणि ते जास्त कडक आहे. तिथे साखळी आणि तिची पुढची उत्तरं आर्काइव्हमध्ये जात नाहीत, थेट `Deleted Items` मध्ये जातात. परत आणायला त्या फोल्डरमधून साखळी निवडून पुन्हा `Ignore` दाबायचं आणि `Stop Ignoring Conversation` म्हणायचं. पण त्याआधी तो फोल्डर कुणी रिकामा केलेला नसावा, आणि बऱ्याच जणांना कार्यक्रम बंद करताना तो आपोआप रिकामा करायची सवय असते. आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्ये पुन्हा तिसरंच. तिथे म्यूट केलेल्या साखळीचं काय करायचं ते सेटिंग्जमधल्या `Muted Thread Action` मध्ये ठरतं: नुसतं वाचलेलं म्हणून नोंदवायचं, की आर्काइव्ह करायचं किंवा पुसायचं. म्हणून मी आता कुणालाही फोनवरून "म्यूट करा" असं सांगत नाही. आधी विचारतो, कशात मेल बघता?

ताईंच्या खात्यात त्या दिवशी उरलेल्या दोन साखळ्यांचं काय केलं ते राहिलंच. प्रशिक्षणाच्या वेळापत्रकाची साखळी त्यांनी तशीच म्यूट ठेवली, ते प्रशिक्षण होऊनही गेलं होतं. तिसरी, जुनी, त्यांनी उघडली. त्यात एकच न वाचलेला मेल होता, बऱ्याच महिन्यांपूर्वीचा. एका सहकाऱ्याने निवृत्त होताना सगळ्यांचा निरोप घेतला होता आणि शेवटी ताईंचे नाव घेऊन आभार मानले होते. ताईंनी `Unmute` केलं, `Move to inbox` केलं, आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जा आता, मला एक उत्तर लिहायचंय."

चार कपाटं दुसऱ्या फेरीत आली. त्या फेरीसाठी समन्वयकांनी पाठवलेल्या मेलचा विषय होता "लेखा विभाग : चार कपाटं, बुधवारी सकाळी दहा". ताईंचं उत्तर बाराव्या मिनिटाला गेलं, सर्वांना नाही, फक्त त्यांना.